"मॅडम, उत्तर पॉइंटमध्ये येतंय": अर्धवट गृहपाठाच्या फोटोला काय सांगावं

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो. कडेला ताटाची किनार दिसते, पानावर अंगठ्याची सावली असते. खाली एक ओळ: "मॅडम, उत्तर पॉइंटमध्ये येतंय. चुकलंय का?" सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. असे फोटो आठवड्याला पंधरा-वीस तरी येतात, आणि सहामाही जवळ आली की मोजायचं सोडून देते.

या फोटोंचे दोन प्रकार असतात. एकात फक्त प्रश्न असतो, खाली कोरी वही. दुसऱ्यात मुलाने चार-पाच ओळी लिहिलेल्या असतात, गाडी कुठेतरी अडलेली असते आणि सकाळी वही द्यायच्या आधी त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की आपण बरोबर वाटेवर आहोत का. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. अशा फोटोला पूर्ण गणित सोडवून पाठवणं सगळ्यात सोपं. दोन मिनिटांत काम होतं, मूल खूश, आईही खूश. पण मुलाने विचारलं होतं "माझं कुठे चुकलं", आणि आपण पाठवलं "माझं कसं बरोबर आहे". तो आपलं गणित बघून स्वतःचं खोडतो आणि उतरवून काढतो. त्याची चूक नेमकी काय होती हे त्यालाही कळत नाही, आणि सकाळी वही तपासणाऱ्या शिक्षकांनाही. शिवाय तो फोटो तिथेच थांबत नाही. वर्गाच्या ग्रुपवर जातो आणि दुसऱ्या दिवशी बारा वह्यांत एकच गणित, एकाच अक्षरवळणाच्या थाटात दिसतं. एकदा तर मी घाईत "उत्तर"मधला "त्त" विचित्र काढला होता, तोही जसाच्या तसा उतरला होता.

मग सांगायचं काय? एका गणितावर ते नीट पाहू. दहावीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. त्यातल्या शाब्दिक उदाहरणांसारखं एक मी मुलांना दिलं होतं:

एका दुकानदाराने काही चादरी आणि काही टॉवेल विकले. टॉवेलची संख्या चादरींच्या संख्येच्या दुपटीपेक्षा ६ ने जास्त आहे. एका चादरीची किंमत ४०० रुपये, एका टॉवेलची १५० रुपये, एकूण विक्री ७,९०० रुपये. तर चादरी किती आणि टॉवेल किती?

दहावीतल्या एका मुलीच्या फोटोत हे होतं:

```
चादर = x, टॉवेल = y
x = 2y + 6
400x + 150y = 7900
400(2y + 6) + 150y = 7900
800y + 2400 + 150y = 7900
950y = 5500
```

इथे ती थांबली, कारण ५५०० ला ९५० ने भाग जात नाही. "पॉइंटमध्ये येतंय" ते हे.

आधी हे पान वाचायचं कसं ते सांगते. शेवटच्या ओळीकडे बघायचं नाही. वरून खाली यायचं आणि पहिली चुकलेली ओळ सापडली की थांबायचं. त्याखालच्या ओळी चुकीच्या पायावर उभ्या असल्या, तरी त्यांतून मुलाला काय येतं हे कळतं. इथे दुसरी ओळ चुकली आहे. गणितात टॉवेल जास्त आहेत, हिने चादरी जास्त करून ठेवल्या. पण पुढचं सगळं शुद्ध आहे. पैशाचं समीकरण बरोबर, किंमत ठेवून कंस सोडवला तो बरोबर, 400 ने 2y ला गुणलं तसं 6 लाही गुणलं. म्हणजे हिला समीकरण सोडवता येतं. वाक्याचं समीकरण करताना मात्र घसरते. मी पूर्ण गणित पाठवलं असतं तर त्यातल्या चार ओळी हिला येणाऱ्याच गोष्टींच्या झाल्या असत्या.

आता ती घसरली का? निव्वळ घाई की गैरसमज? याचं उत्तर पहिल्या ओळीत आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही. तिने "चादर = x" लिहिलंय. पाठ्यपुस्तक "चादरींची संख्या x मानू" असं लिहायला सांगतं आणि मुलांना ते उगाच लांबण लावल्यासारखं वाटतं. पण x म्हणजे चादर असं एकदा डोक्यात बसलं की अक्षर ही संख्या राहत नाही, वस्तूचं लेबल होतं. मग टॉवेल जास्त आहेत ना, म्हणून टॉवेलच्या लेबलाला दुप्पट लावायची, वर सहाही तिथेच जोडायचे: 2y + 6. वाक्य वाचताना तिला ते अगदी बरोबर वाटतं. मोठ्याला मोठं केलं, यात काय चुकलं?

ही चूक आपल्याकडच्याच मुलांची नाही. अमेरिकेत १९८१ साली क्लेमंट, लॉकहेड आणि मंक यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. प्रश्न इतकाच होता: एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, याचं समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ते उलटं लिहिलं, विद्यार्थ्यांच्या अक्षराला सहाने गुणून. अभियांत्रिकीची मुलं! तेव्हा दहावीतल्या मुलीवर "लक्ष कुठे असतं तुझं?" असं ओरडण्यात अर्थ नाही. लक्ष असूनही होणारी चूक आहे ही.

म्हणूनच "x आणि y उलटे झालेत, y = 2x + 6 लिही" असं सांगून भागत नाही. ती ते लिहील, उत्तर येईल, आणि पुढच्या गणितात वडील-मुलाची वयं आली की पुन्हा तेच होईल. तिने ओळ बदललेली असेल, वाक्य वाचायची पद्धत नाही. सूचना अशी हवी की तिला स्वतःच्या समीकरणातला विरोध स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

मी तिला लिहिलं: "तिसऱ्या ओळीपासून पुढचं सोडवणं छान आहे, ते खोडू नकोस. फक्त दुसऱ्या ओळीपाशी ये. वही न बघता सांग, दुकानदाराने टॉवेल जास्त विकले की चादरी?"

उत्तर आलं, "टॉवेल."

"बरं. आता तुझ्या दुसऱ्या ओळीत y च्या जागी 4 ठेव. चादरी किती येतात?"

दोन मिनिटं शांतता. मग, "14. अय्यो, चादरी जास्त झाल्या."

"आता ओळ तूच नीट कर. आणि वर x म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिही."

यात मी तिला एकही समीकरण दिलं नाही. एक जागा दाखवली आणि एक आकडा ठेवायला सांगितला. आकडाही जपून निवडावा लागतो. माझ्या बोटावर आधी 10 आला होता, सहज म्हणून. पण या गणितात चादरी १० च येतात. तो आकडा ठेवायला सांगितला असता तर मुलांना लगेच वास लागला असता. कोणता आकडा मॅडमच्या तोंडून आला यावरून उत्तर ताडण्यात ती पटाईत असतात.

हिच्या घरी तेलुगू बोलतात. आमच्या भागात विणकरांची अशी पुष्कळ घरं आहेत, मुलं मराठी माध्यमात शिकतात. अशा वेळी मी आणखी एक करायला सांगते: गणितातलं वाक्य धाकट्या भावाला घरच्या भाषेत समजावून सांग, पुस्तक मिटून. "दुपटीपेक्षा ६ ने जास्त" हा तुकडा वाचताना नुसता डोळ्यांखालून जातो. सांगायची वेळ आली की कुणाची दुप्पट आणि कुणापेक्षा जास्त हे ठरवावंच लागतं.

वीस मिनिटांनी दुसरा फोटो आला.

```
चादरींची संख्या = x, टॉवेलची संख्या = y
y = 2x + 6
400x + 150(2x + 6) = 7900
400x + 300x + 6 = 7900
700x = 7894
```

"मॅडम, अजून पॉइंटमध्येच."

आता दुसरी ओळ उत्तम झाली, पण चौथ्या ओळीत कंस सोडवताना 150 ने 6 ला गुणायचं राहिलं. हीच चूक एखाद्या दुसऱ्या मुलाच्या वहीत दिसली असती तर मला कळलं नसतं की त्याला कंस सोडवता येत नाही की घाई झाली. इथे मात्र पहिला फोटो हाताशी आहे. त्यात तिने 400(2y + 6) चं 800y + 2400 अगदी बिनचूक केलं होतं. म्हणजे नियम तिला येतो, रात्रीचे अकरा वाजलेत, बस्स. घाईच्या चुकीला प्रश्नोत्तरं लावत बसू नये. मी एवढंच लिहिलं: "चौथी ओळ तिसरीशी ताडून बघ." अर्ध्या मिनिटात उत्तर: "हो हो, 900."

एकाच गणितात दोन चुका, आणि दोन्हींना सूचना वेगळी. गैरसमज असेल तर मुलाला त्याच्याच समीकरणाशी भांडायला लावायचं. हात घसरला असेल तर नुसतं बोट दाखवायचं. ओळखायची खूण ही, की तीच गोष्ट मुलाने दुसरीकडे कुठे बरोबर केली आहे का. म्हणून फोटो मागताना मी पूर्ण पान मागते, मागची दोन गणितंही दिसू देत म्हणते, आणि खोडरबर वापरू नका, चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारा म्हणते. खोडलेल्या ओळीत बहुतेक वेळा खरं कारण असतं. मुलं मात्र मॅडमला पान स्वच्छ दिसावं म्हणून सगळं खोडून पाठवतात.

आता नीट केल्यावर: 700x + 900 = 7900, म्हणून 700x = 7000, x = 10, आणि y = 26. झालं का? तिच्या मते झालं, कारण उत्तर पॉइंटमध्ये आलं नाही. माझ्या मते इथूनच खरी गंमत सुरू होते.

मुलांना पॉइंट हाच चुकीचा भोंगा वाटतो. वाजला तर चूक, नाही वाजला तर बरोबर. या गणितात तो वाजला हा निव्वळ योग होता. मी तिला तेच गणित एक आकडा बदलून दिलं: एकूण विक्री ७,९०० ऐवजी १०,००० रुपये. आणि म्हटलं, "आधी तुझ्या कालच्या चुकलेल्या समीकरणाने सोडव." तिने x = 2y + 6 ठेवून केलं. 950y + 2400 = 10000, म्हणजे 950y = 7600, y = 8, x = 22. बावीस चादरी, आठ टॉवेल. पॉइंट नाही, काही नाही. ताळा केला: २२ चादरींचे ८,८०० रुपये, ८ टॉवेलचे १,२००, बेरीज बरोबर १०,०००. समीकरणात किंमत ठेवली, तिथेही जुळलं. सगळं जुळतंय आणि उत्तर साफ चूक! खरं उत्तर १३ चादरी आणि ३२ टॉवेल. त्यांचे ५,२०० आणि ४,८०० मिळूनही १०,००० च होतात.

ताळा कुठे करायचा हा प्रश्न इथे येतो. आपण लिहिलेल्या समीकरणात उत्तर ठेवून बघितलं तर फक्त सोडवण्यातली चूक पकडली जाते. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ते आपल्या चुकीला निमूट साक्ष देतं. ताळा करायचा तो मूळ वाक्यात, शब्द वाचत: चादरी २२, त्यांची दुप्पट ४४, त्यापेक्षा ६ ने जास्त म्हणजे ५०. टॉवेल ५० हवेत, आपल्याकडे ८. संपला विषय. तसंच पहिल्या गणिताचं: चादरी १०, दुप्पट २०, वर ६ म्हणजे २६. टॉवेल २६ आहेत. पैसे ४,००० आणि ३,९००. आता वही दप्तरात टाकायला हरकत नाही.

वही द्यायच्या आधी स्वतःचं स्वतः तपासायचं म्हणजे खरं तर हेच. ते मुलाला जमत असेल तर त्याला मला फोटो पाठवायची गरजच नाही. म्हणून आता "बरोबर आहे का" एवढाच प्रश्न आला तर माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: "वाक्यात ताळा केलास का? त्याचा फोटो पाठव." निम्म्या वेळा त्यानंतर फोटो येत नाही, "सापडलं मॅडम" येतं.

मदत किती द्यायची याचा अंदाज मला एका जुन्या प्रयोगावरून आला. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवण्यावर लिहिलं. शिकवणारीला सांगितलेलं होतं की मुलाला जमेल तेवढं त्यालाच करू द्यायचं, आधी तोंडाने सांगून बघायचं आणि नाहीच जमलं तर हाताने करून दाखवायचं. डेव्हिड वुड यांनी पुढे त्याचा नियमच मांडला: मूल अडलं की मदत एक पायरी वाढवा, जमलं की लगेच एक पायरी कमी करा. फोटोच्या बाबतीत माझ्या पायऱ्या तीन आहेत. आधी जागा दाखवायची: "दुसरी ओळ". नाही सापडलं तर त्या ओळीमागची कल्पना प्रश्नातून पुढे करायची: "जास्त काय आहे?" तरीही नाही, तर करून दाखवायचं, पण त्याच्या गणितावर नाही. एक जुळं गणित घ्यायचं, उदाहरणार्थ भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुड्यांचं, ते पूर्ण सोडवून पाठवायचं, आणि त्याचं स्वतःचं त्याला करू द्यायचं.

ही शेवटची पायरी कमीपणाची नाही हे मला उशिरा कळलं. सूचना देण्याचं व्रत घेतल्यासारखी मी पूर्वी काहीही झालं तरी उलगडा करायची नाही. एका मुलाला पूर्ण वर्ग पद्धतीच्या गणितावर पाऊण तास प्रश्न विचारत बसले होते. "मधल्या पदाच्या सहगुणकाचं काय करायचं?" "गुणायचं?" "नाही." "भागायचं?" "कशाने?" "तीनने? चारने? दोनने?" माझ्या "हो" ची वाट बघत तो एकेक आकडा टाकत होता. त्याने ती पद्धत पाहिलेलीच नव्हती, तापामुळे आठवडाभर क्लासला आला नव्हता. ज्याने वाट कधी पाहिलेली नाही त्याला "वळण आठव" म्हणून काय उपयोग? अगदी नवशिक्याला सोडवलेली उदाहरणं वाचायला दिली की नुसती गणितं सोडवायला लावण्यापेक्षा लवकर समजतं, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावरच दाखवलं आहे. तेव्हा मूल अंदाजाने आकडे फेकू लागलं की मी आता प्रश्न बंद करते आणि सोडवलेलं जुळं गणित पाठवते.

याच्या उलटही होतं. काही मुलांना कळून चुकतं की "नाही कळलं" तीनदा लिहिलं की मॅडम जवळजवळ सगळं सांगतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात भूमिती शिकवणाऱ्या एका संगणक प्रोग्राममध्ये सूचना पायरीपायरीने देत, आणि शेवटच्या पायरीवर जवळपास उत्तरच असे. आलेव्हन आणि कोडिंगर यांनी २००० साली नोंदवलं की मुलं मधल्या सूचना न वाचताच बटण दाबत शेवटच्या सूचनेवर पोचत. आमच्याकडे ते बटण म्हणजे "मॅडम प्लीज". माझा उपाय साधा आहे. पुढची सूचना हवी असेल तर आधीच्या सूचनेनंतर काय करून बघितलं त्याचा फोटो पाठवायचा, चुकलेला असला तरी चालेल. फोटो नाही, तर पायरीही नाही.

माझी एक चूक मात्र बरेच दिवस मला दिसलीच नाही. मी प्रश्न विचारायची ते फक्त चुकलेल्या ओळीवर. बरोबर असेल तर अंगठा, चूक असेल तर "इथे काय केलंस?" मुलं हुशार. "काय केलंस" म्हणजे चुकलं, हे त्यांनी पाठ केलं. एकदा एका मुलाने भूमितीत फार सुरेख, पुस्तकात नसलेली वाट काढली होती. मी कौतुकाने विचारलं, "हे कसं सुचलं?" सकाळी वहीत ती ओळ खोडलेली, आणि खाली पुस्तकातली लांबलचक सिद्धता उतरवलेली! तेव्हापासून बरोबर ओळीवरही मी मुद्दाम विचारते, "ही ओळ कशावरून?" आणि कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी स्पष्ट लिहिते, म्हणजे मूल चांगलं काम खोडत नाही.

आयांचे फोन येतात तो भाग वेगळाच. "मॅडम, सरळ सांगून टाका की, सकाळी सातला शाळा आहे, आम्हाला गणित येत नाही, पोरगी रडायला लागली." दिवसभर विड्या वळून थकलेल्या बाईला मी पायऱ्यांचं शास्त्र सांगत नाही. तिला म्हणते, "अर्धवटच राहू द्या. जिथे अडलं तिथे 'इथे अडले' लिहून वही द्यायला सांगा." हे आयांना पटत नाही, मुलांना तर नाहीच. पण वही तपासणाऱ्या शिक्षकाला त्या दोन शब्दांतून जेवढं कळतं, तेवढं माझ्याकडून उतरवलेल्या सहा ओळींतून कळत नाही. काही शाळांत अपूर्ण वहीला शिक्षा असते हेही मला माहीत आहे. तिथल्या मुलांना मी सकाळी सहाला फोन करायला सांगते आणि फोनवर त्यांच्याकडूनच करून घेते.

चादर-टॉवेलवाल्या मुलीचा परवा पुन्हा फोटो आला. वडील आणि मुलाच्या वयाचं गणित, पहिल्या ओळीत "मुलाचे आजचे वय = x वर्षे" पूर्ण लिहिलेलं, शेवटी वाक्यातला ताळा. सगळं बरोबर. मी विचारलं, "तिसरी ओळ कशावरून?"

लगेच उत्तर आलं: "मॅडम, आधी सांगा, बरोबर आहे म्हणून विचारताय की चुकलंय म्हणून?"

मी लिहिलं, "ताळा काय म्हणतो?"